सकाळी साडेसहाला दुखणारे पोट

"माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. दोन महिन्यांपासून रोज सकाळी शाळेच्या वेळेला बेंबीभोवती पोट दुखते म्हणून रडतो, दहा-अकरापर्यंत बरा होतो. बाहेरचे खाणे, मैदा, दूध सगळे बंद करून पाहिले, फरक नाही. सोनोग्राफीत पोटात गाठी आल्या आहेत. घरातले म्हणतात, नाटक करतो. कोणत्या पदार्थाने होत असेल? आणखी कोणत्या तपासण्या करू?"

मी गेली चोवीस वर्षे लालबाग-परळ भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्ही पदार्थ शोधत आहात, पण तुम्ही दिलेली वेळ पाहता आधी शोधायला हवा तो प्रसंग, असे मला वाटते. अपचनाने दुखणारे पोट घड्याळ आणि वार पाहून दुखत नाही. मुलाला न पाहता मी निदान करू शकत नाही, म्हणून खाली जे लिहिते त्यातले काय तुमच्याकडे लागू पडते ते तुमच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवा. आधी दुखण्याची शारीरिक बाजू थोडक्यात सांगते आणि मग तुमच्या मुलाच्याच वयाच्या एका मुलाची हकिकत सविस्तर सांगते, कारण माझी विचार करण्याची पद्धत तिच्यातून अधिक नीट कळेल.

मुलाचे वजन घटत असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल, दुखण्याने तो रात्री झोपेतून उठत असेल, शौचातून रक्त जात असेल, हिरवी उलटी किंवा वारंवार उलट्या होत असतील, ताप राहत असेल, लघवीला जळजळ होत असेल, किंवा दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली, एकाच ठिकाणी असेल, तर मुलाला कसली तरी काळजी वाटत असेल हा विचार बाजूला ठेवून आधी आजार शोधावा लागतो. मुलगा असल्याने वृषणांची तपासणीही झालीच पाहिजे, कारण तिथले दुखणे मुले लाजेने पोटाचे म्हणून सांगतात. यांपैकी काहीच नसेल, तर रक्ताची साधी तपासणी, लघवी, शौच आणि बद्धकोष्ठ आहे का याची नीट चौकशी एवढे बहुतेक वेळा पुरते. दूध दोन आठवडे पूर्ण बंद करून फरक पडला नाही, तर दुखणे दुधाचे नाही, आणि ते पुन्हा सुरू करावे. एकेक पदार्थ बंद करत गेल्याने मुलाची खात्री पटत जाते की आपल्या पोटात काहीतरी मोठे बिघडले आहे.

गाठींबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण हा शब्द वाचून मुंबईतल्या आईवडिलांच्या डोक्यात सर्वांत आधी क्षयरोग येतो. आतड्यांच्या पडद्यात लसिकाग्रंथी सगळ्यांनाच असतात आणि लहान मुलांच्या सोनोग्राफीत त्या सहज दिसतात, कारण त्या वयात सर्दी-जुलाबासारखे संसर्ग वारंवार होतात. ग्रंथीची आखूड बाजू सुमारे 8 मिलिमीटरपर्यंत असेल, त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतील आणि मुलाला ताप किंवा वजनातली घट नसेल, तर त्या ग्रंथी सहसा दुखण्याचे कारण नसतात. केवळ अशा अहवालावरून क्षयरोगाची औषधे सुरू झालेली मुले माझ्याकडे आलेली आहेत. कोणी तसे सुचवले, तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय औषध सुरू करू नका.

आता त्या मुलाविषयी. त्याला इथे ओम म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लालबागमधल्या एका चाळीत आई, बाबा, आजी आणि तो असे चौघे राहत. शाळा सकाळी सातची. बाबा कामावर सहालाच निघत आणि आई त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून तशीच पुढे लोकल पकडत असे. ऑगस्टच्या सुरुवातीपासून त्याचे पोट दुखू लागले होते आणि माझ्याकडे येईपर्यंत सतरा दिवस शाळा बुडाली होती. आईने खाण्याची यादी सोबत आणली होती, तीत बंद केलेल्या पदार्थांची संख्या चालू असलेल्यांपेक्षा जास्त होती. पण त्याच यादीखाली तिने प्रामाणिकपणे लिहिले होते की गणपतीच्या सुट्टीत त्याने मोदक, करंज्या, वडे सगळे पोटभर खाल्ले आणि पाचही दिवस त्याचे पोट दुखले नाही. आहाराचा प्रश्न माझ्यापुरता त्या एका ओळीने संपला.

तपासताना पोट मऊ होते, वाढ वयाला साजेशी होती, तपासण्या सामान्य आल्या. एक बारीक गोष्ट मात्र तेव्हा दिसली आणि मी ती टिपून ठेवली. त्याच्या गणवेशाच्या शर्टाचे तिसरे बटण तुटलेले होते आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली होती. आई संकोचून म्हणाली, "अहो डॉक्टर, महिना झाला, पण कुणाला शिवूच देत नाही."

त्या दिवशी मी औषध दिले नाही. तीन आठवड्यांची रोजनिशी लिहायला सांगितली. दुखणे किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, आदल्या रात्री आणि सकाळी काय खाल्ले, शौचास झाले का, आणि त्या दिवशी पुढे काय होणार होते, एवढे पाच रकाने. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात, पण काळजी नेहमी पुढच्या गोष्टीची असते, त्यामुळे दुखून गेल्यावर काय झाले यापेक्षा दुखण्यानंतर काय होणार होते हे अधिक सांगून जाते. ही नोंद आईने मनाशी ठेवायची असते. मुलाला दर अर्ध्या तासाने विचारून भरायची नसते.

घरच्यांचा अंदाज असा होता की त्याला गणिताची धास्ती आहे, कारण दर बुधवारी वर्गात गणिताची छोटी परीक्षा होत असे. रोजनिशीने तो अंदाज खोटा ठरवला. 21 दिवसांत 12 दिवस पोट दुखले होते, पण तीन बुधवारांपैकी एकाही बुधवारी दुखले नव्हते. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार हे दुखण्याचे वार होते. त्यांतला एकच गुरुवार कोरा गेला होता आणि त्या दिवशी मावशी मुक्कामाला होती. उलट एका रविवारी, शाळा नसताना, सकाळी आठला पोट दुखले होते. त्या दिवशी ठाण्याला नात्यातला साखरपुडा होता आणि गुडघ्यांमुळे आजी एकटीच घरी राहणार होती. बाबांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी, हे मी विचारले तेव्हा आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बुधवारी." म्हणजे शाळेचा संबंध केवळ वेळेपुरता होता. आजी घरात एकटी राहणार असे ज्या सकाळी दिसे, त्या सकाळी पोट दुखत होते.

अशा वेळी मुलाला "तुला कसली काळजी वाटते?" असे विचारून हाती काही लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला पोटात दुखते हे कळते, काळजी वाटते हे त्या शब्दांत कळतेच असे नाही, आणि कळले तरी मोठ्यांसमोर उत्तर ठरलेले असते, "काही नाही." मी त्याला सकाळ उठल्यापासून एकेक पायरी सांगायला लावली आणि मध्ये काहीही सुचवले नाही. उठतो, दात घासतो, आंघोळ करतो, आजी पोहे देते, मग आजी फ्रिज उघडते. "फ्रिजमधून काय काढते?" "सुई." "आणि मग?" "मग दुखायला लागतं."

आजी मधुमेही होती आणि तिचे इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवलेले असे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी तिने इंजेक्शन घेतले आणि ती खायला बसणार एवढ्यात ओमने शर्टाचे तुटलेले बटण आणून दिले. तिने दोरा ओवला, पण तेवढ्यात नळाला पाणी आल्याने बटण राहिले आणि ती हंडे भरायला गेली. ओम घाईत पिन लावून शाळेत गेला. इंजेक्शन घेऊन पाऊण तास उपाशी राहिल्यावर रक्तातली साखर उतरली आणि आजी मोरीत कोसळली. शेजाऱ्यांनी तिला महापालिकेच्या रुग्णालयात नेले, शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली आणि दुसऱ्या दिवशी घरीही आली. पण पावणेएकला शाळेतून आलेल्या ओमला दाराला कुलूप दिसले होते. जिन्यात उभ्या असलेल्या कोणीतरी सांगितले, "आजी पडली, दवाखान्यात नेलंय." ती का पडली हे त्याला पुढेही कोणी सांगितले नाही, कारण लहान मुलाला कशाला घाबरवायचे, असा सगळ्यांचा भाव होता. त्याने स्वतःच कारण लावले होते: मी बटण आणले नसते तर आजी वेळेवर खायला बसली असती. ही गोष्ट त्याने जवळजवळ दोन महिने पोटात ठेवली होती.

हे दुखणे खोटे नव्हते, आणि तुमच्या घरच्यांनाही मला हेच सांगायचे आहे. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे असते आणि ते मेंदूशी दोन्ही बाजूंनी जोडलेले असते. भीती वाटली की मेंदूकडून निघालेल्या संदेशांनी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, म्हणून पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि मळमळते. त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून कळ येते आणि निघता निघता शौचास जावेसे वाटते. असे काही दिवस होत राहिले की तिथले तंतू हळवे होतात आणि एरवी जाणवलीही नसती अशी साधी हालचालही दुखू लागते. आपल्या भाषेत भीतीने पोटात गोळा येतो असे म्हणतात. तो गोळा मुलाला खरोखर जाणवत असतो. "नाटक करतोस" हे ऐकले की मुलाला आपले दुखणे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी ते त्याला सतत ध्यानात ठेवावे लागते.

उपचारात पहिली गोष्ट मी केली ती अशी की आजीला सोबत बोलावले आणि त्याच्यासमोर तिच्याकडूनच खरे कारण वदवून घेतले: सुई घेतल्यावर लगेच खायला हवे होते, ते मी केले नाही, त्यात तुझी चूक नव्हती. मुलाला नुसते "काळजी करू नकोस" म्हटल्याने काही होत नाही. जे घडले ते पुन्हा घडू नये म्हणून मोठ्यांनी काय केले आहे, हे त्याला दिसावे लागते. आजीला तिच्या डॉक्टरांकडे पाठवून इंजेक्शनचे प्रमाण तपासून घेतले, खाण्याचे ताट समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही असे ठरले, पाणी भरायचे काम आईने रात्रीच्या पाळीच्या पाण्यावर नेले, आणि शेजारच्या काकू साडेसातला डोकावतील व घराची एक किल्ली त्यांच्याकडे राहील अशी व्यवस्था झाली.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती तुमच्या उपयोगाची म्हणून सांगते. आजीने खाल्ले की कॅलेंडरवर खूण करायची, असे काम मी ओमला दिले होते. त्याला धीर येईल असे मला वाटले. आठवड्याभरात तो शेवटचा घास संपेपर्यंत दारात उभा राहू लागला, दोनदा पोहे पुन्हा वाढायला लावले आणि शाळेला उशीर होऊ लागला. पहारा मुलावर सोपवला की त्याचा अर्थ तो असाच घेतो की धोका अजून आहे आणि तो आपल्यालाच टाळायचा आहे. मी ते काम काढून घेतले आणि आजीला सांगितले की इंजेक्शन त्याने घराबाहेर पडल्यावर, काकू आल्यावर घ्यायचे. पोहे त्याच्यासोबतच, पण सुईशिवाय. काकूंसमोर सुई आणि त्यानंतर लगेच भाकरीची न्याहारी. पोहे आणि भाकरीची ही विभागणी आजीच्या डॉक्टरांना विचारूनच केली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सकाळचा प्रश्न बंद केला. तोपर्यंत घरातले तिघेही उठल्या उठल्या त्याला विचारत, "आज दुखतंय का रे?" विचारले की मूल पोटाकडे लक्ष देते, आणि हळव्या झालेल्या पोटाकडे लक्ष गेले की दुखणे सापडतेच. त्याने स्वतः सांगितले, तर एकदाच शांतपणे म्हणायचे, "दुखतंय ना, कळलं. बस, श्वास घे, मग बूट घालू," आणि पुढच्या कामाला लागायचे. श्वास मी त्याला पोटावर हात ठेवून शिकवला: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटे. पण याचा सराव संध्याकाळी, पोट दुखत नसताना करून घ्यायचा असतो. ऐन दुखण्यात पहिल्यांदा शिकवलेला श्वास लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट शाळा. दुखत असले तरी शाळेत जायचे, हे ऐकायला कठोर वाटते, पण घरी राहिल्यावर तासाभरात आराम पडतो आणि त्या आरामामुळे दुसऱ्या दिवशीचे दुखणे अधिक पक्के होते. ओमच्या बाबतीत तर घरी राहणे म्हणजे आजीजवळ राहणेच होते. वर्गशिक्षिकेला भेटून एवढेच ठरवले की पोट दुखले तर त्याने बाकावर दहा मिनिटे डोके टेकून बसावे, पाणी प्यावे आणि पुन्हा वर्गात लक्ष घालावे. घरी फोन करून न्यायला बोलवू नये. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आजीला एक फोन करायची मुभा ठेवली, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात बंद. रोजची खात्री चालू ठेवली असती, तर तिच्यावाचून त्याचे चालले नसते.

सुधारणा कशी ओळखावी, याबद्दल पालक नेहमी घाई करतात. पहिले दोन आठवडे दुखण्याचे दिवस तेवढेच राहिले, आणि आई निराश होऊन आली. पण वेळेच्या रकान्यात दुखणे जवळजवळ तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आले होते. आधी दुखण्याची वेळ आखूड होते, दिवस नंतर कमी होतात. म्हणूनच सुरू झाल्याची आणि थांबल्याची अशा दोन्ही वेळा लिहायला सांगितल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातून एखादाच दिवस उरला. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चार दिवस पुन्हा दुखले. मोठ्या सुट्टीनंतर असे होते, हे मी आधीच सांगून ठेवले असल्याने घरच्यांनी खाण्याची यादी पुन्हा बाहेर काढली नाही. डिसेंबरमध्ये तो लस घ्यायला आला तेव्हा शर्टाला तिसरे बटण होते, बाकीच्यांपेक्षा थोडे मोठे आणि निळ्या दोऱ्याने शिवलेले.

तुमच्या मुलाची काळजी अर्थातच वेगळी असेल. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायची किळस, बसमधला कोणी दांडगा मुलगा, मोठ्याने वाचायला उभे करणारा एखादा तास, घरातले भांडण, यांपैकी काहीही निघू शकते, आणि पहिला अंदाज चुकीचा ठरण्याची शक्यता बरीच असते. कोणी त्याला धमकावते किंवा नको तिथे हात लावते असे निघाले, तर मात्र शाळेत पाठवत राहण्याचा सल्ला लागू नाही. त्याला आधी तिथून सुरक्षित करा आणि 1098 या बालमदत क्रमांकावर बोला.

उद्यापासून पाच रकान्यांची रोजनिशी सुरू करा आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी घरी कोण असणार हेही लिहा. दूध आणि इतर बंद केलेले पदार्थ पुन्हा सुरू करा. सोनोग्राफीचा अहवाल आणि वजन-उंचीच्या जुन्या नोंदी घेऊन एकदा बालरोगतज्ज्ञांना भेटा, आणि रोजनिशीची तीन पाने भरल्यावर पुन्हा भेटा. सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही किंवा शाळा बुडतच राहिली, तर मुलांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी, कारण विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा अशा दुखण्यात चांगला उपयोग होतो. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि फोनवरून सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. रोजनिशीतले वार आणि वेळा इथे लिहिल्यात, तर त्यावरून काय दिसते ते मी जरूर सांगेन.